सोलापुरातल्या पश्चिमेच्या बाल्कनीसाठी झाडांचा तक्ता, आणि रोज पाणी घालूनही वाळणारा मोगरा

प्रश्न: सोलापुरात तिसऱ्या मजल्यावर पश्चिमेची बाल्कनी आहे. कुठल्या झाडाला किती पाणी, किती ऊन, कोणतं खत, असा एक तक्ता कुणी देईल का? रोज पाणी घालूनही मोगरा वाळतोय.

उत्तर:

आधी तक्ता देतो. यातलं पाणी 12 इंची कुंडीसाठी धरलंय. कुंडी 8 इंची असेल तर उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ घालावं लागेल.

| झाड | ऊन | उन्हाळ्यात पाणी | पावसाळ्यात | हिवाळ्यात | खत | हंगामातली काळजी |
|---|---|---|---|---|---|---|
| मोगरा | 5-6 तास | रोज | माती सुकली तरच | 4-5 दिवसांनी | जानेवारीच्या छाटणीनंतर दोन मुठी शेणखत, मग महिन्यातून एकदा पेंडीचं पाणी | जानेवारीत एक तृतीयांश छाटा |
| गुलाब | 5-6 तास, मे महिन्यात दुपारी सावली | रोज | माती सुकली तरच | 2-3 दिवसांनी | ऑक्टोबर ते फेब्रुवारी दर 20 दिवसांनी | पाऊस थांबल्यावर ऑक्टोबरात छाटणी |
| जास्वंद | 5-6 तास | रोज | 2-3 दिवसांनी | 3 दिवसांनी | महिन्यातून दोन मुठी गांडूळ खत | शेंड्यावर पिठ्या ढेकूण बघत राहा |
| कढीपत्ता | 5-6 तास | एक दिवसाआड | माती सुकली तरच | 5-6 दिवसांनी | मार्च आणि जुलैमध्ये शेणखत | थंडीत वाढ थांबते, खत नको |
| तुळस | 4-5 तास | रोज | माती सुकली तरच | 3 दिवसांनी | दीड महिन्यातून एक मूठ गांडूळ खत | मंजिऱ्या वेळेवर खुडा |
| सदाफुली | 4-6 तास | एक दिवसाआड | जवळजवळ नाही | 4 दिवसांनी | दोन महिन्यांतून एकदा | पाणी साचलं की खोड कुजतं |
| कोरफड | 3-4 तास, कोवळं | 5-6 दिवसांनी | पावसात ठेवू नका | 15 दिवसांनी | वर्षातून एकदा | मेच्या उन्हात पानं तांबूस होतात |
| मनी प्लांट | थेट ऊन नको, उजेड हवा | 2 दिवसांनी | 4-5 दिवसांनी | 6-7 दिवसांनी | पावसाळ्यात दोनदा, पातळ | आतल्या भिंतीशी ठेवा |

पश्चिमेच्या बाल्कनीत ऊन दुपारी एकनंतर येतं आणि मावळेपर्यंत हटत नाही. थंडीत ते झाडांना मानवतं. मार्चच्या मध्यापासून पहिला पाऊस पडेपर्यंत मात्र 50 टक्के सावलीची हिरवी शेडनेट बांधाच. कुंड्या भिंतीपासून वीतभर पुढे ओढा, कारण तापलेली भिंत रात्री उशिरापर्यंत झळ मारत असते. एप्रिल-मेमध्ये गुलाब, तुळस, कढीपत्ता यांना खत देऊ नका. मोगऱ्याचा तो बहराचा काळ, म्हणून त्याला पातळ पेंडीचं पाणी चालतं. 50 ग्रॅम शेंगदाणा पेंड एक लिटर पाण्यात तीन दिवस भिजवा, गाळा, त्यात दहा लिटर पाणी मिसळा आणि कुंडीला अर्धा लिटर द्या. माती आधी ओली असायला हवी. कोरड्या मातीत खत घातलं तर मुळं पोळतात.

आता मोगरा. दोष बहुधा पाणी कमी पडण्याचा नाही, मातीचा आहे. आपल्याकडे कुंडीत सर्रास काळी माती भरली जाते. ही माती सुकली की आकसते. शेतात भेगा पडतात, कुंडीत ती कडेपासून सुटते. मग तुम्ही लिटरभर पाणी ओतता, ते त्या फटीतून सरळ खाली जातं, दहा-पंधरा सेकंदांत तळातून बाहेर येतं, आणि आपल्याला वाटतं पाणी पोचलं. मधला मातीचा गोळा, जिथे सगळी मुळं आहेत, तो कोरडाच राहतो.

खात्री करायची असेल तर पाणी घातल्यावर अर्ध्या तासाने उदबत्तीची रिकामी काडी खोडापासून चार बोटं दूर खोल खुपसा, मिनिटभर थांबा आणि उपसून बघा. काडी कोरडी आली किंवा आतच जाईना, तर गोळा सुका आहे. कडेला बोट घालून फटही जाणवेल. अशा झाडाच्या पानांच्या कडा करपून कुरकुरीत होतात आणि कळ्या उमलायच्या आधी गळतात.

उपाय असा. टबात चार इंच पाणी घ्या आणि कुंडी अर्धा ते पाऊण तास त्यात बसवा. सुरुवातीला बुडबुडे येतील. वरची माती ओली दिसली की कुंडी उचलून पाणी निथळू द्या. मग काडीने सात-आठ छिद्रं पाडा, कडेची फट कोकोपीट आणि शेणखत समप्रमाणात मिसळून दाबून भरा, वर दोन इंच वाळका पाला किंवा उसाचं पाचट पसरा. यापुढे पाणी एकदम ओतू नका. अर्धा लिटर घाला, पाच मिनिटं थांबा, मग उरलेलं लिटरभर घाला. पहिल्या पाण्याने माती फुगते आणि फट मिटते. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे ओतून वाहून जाणारं प्रत्येक लिटर जाणवतं. या पद्धतीने तेच पाणी मुळांपर्यंत पोचतं.

कायमचा इलाज म्हणजे जानेवारीत छाटणी करताना माती बदलणं. दोन भाग लाल माती, दोन भाग चांगलं कुजलेलं शेणखत, एक भाग कोकोपीट, एक भाग जाडसर वाळू. लाल माती मिळालीच नाही तर काळी माती एकच भाग घ्या आणि वाळू वाढवा. भर मेमध्ये मात्र मुळं हलवू नका, झाड दगावतं.

हीच काळी माती पावसाळ्यात उलटं वागते. सप्टेंबरच्या सलग पावसात ती फुगून घट्ट बसते, पाणी आत अडकतं, आणि झाड पुन्हा तसंच मलूल दिसतं. लोक घाबरून आणखी पाणी घालतात, तिथे झाड जातं. ओळखायची खूण म्हणजे आता पानं कुरकुरीत नसतात. खालची पानं आधी पिवळी, मऊ पडतात आणि तळाच्या छिद्राशी कुबट वास येतो. छिद्र काडीने मोकळं करा, कुंडी दोन विटांवर उचलून ठेवा, काडी कोरडी येईपर्यंत पाणी बंद. खालच्या ताटल्या पावसाळ्यात काढूनच टाका, त्यांत डासही होतात.

बोअरचं पाणी घालत असाल तर आणखी एक गोष्ट बघा. कुंडीच्या कडेला पांढरा थर बसला असेल आणि कोवळी पानं पिवळी पण शिरा हिरव्या असतील, तर पाण्यातल्या क्षारांमुळे झाडाला लोह मिळत नाहीये. मोगरा, गुलाब आणि कढीपत्त्यावर हे लवकर दिसतं. कृषी सेवा केंद्रातून चिलेटेड लोह आणा, एका लिटर पाण्यात अर्धा ग्रॅम विरघळवून संध्याकाळी पानांवर फवारा, 15 दिवसांनी पुन्हा एकदा. जुनी पिवळी पानं तशीच राहतील, बघायची ती नवी पालवी. ती हिरवी फुटली म्हणजे निदान बरोबर होतं. साठलेले क्षार धुवायला पावसाचं पाणी सगळ्यात चांगलं, म्हणून जूनच्या दुसऱ्या-तिसऱ्या सरीपासून कोरफड आणि सदाफुली सोडून बाकी कुंड्या कठड्याशी आणा आणि तळातून पाणी भरपूर वाहून जाऊ द्या.