स्फोटाच्या वेळी चित्र धूसर, पण गेम अडखळत नाही

प्रश्न: मडगावला घरी कन्सोलवर खेळताना मोठा स्फोट झाला की चित्र जरा धूसर होतं, पण गेम अडखळत नाही. असं का?

उत्तर: गेम त्या क्षणी मुद्दाम कमी पिक्सेल रंगवतो आणि ते चित्र ताणून पूर्ण पडद्याएवढं करतो. पणजीत एका छोट्या गेम टीममध्ये मी ग्राफिक्सचा कोड लिहितो, म्हणून हे रोज पाहतो. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर एका फ्रेमला १६.७ मिलिसेकंद मिळतात. गेम मागच्या काही फ्रेमना जीपीयूने, म्हणजे चित्र काढणाऱ्या चिपने, किती वेळ घेतला ते मोजत राहतो. समजा, धुरामुळे तो वेळ १९ मिलिसेकंदांवर गेला. त्यातले ४ पिक्सेल कितीही असले तरी लागणारच, १५ पिक्सेलच्या संख्येवर अवलंबून. रुंदी आणि उंची ८० टक्क्यांवर आणली की पिक्सेल ६४ टक्केच उरतात. १५ चे साधारण ९.६ होतात आणि फ्रेम १३.६ मध्ये बसते. अक्षरं, नकाशा बहुधा पूर्ण रिझोल्यूशनमध्येच काढतात, म्हणून ते स्पष्ट दिसतात.

मात्र अडचण सीपीयूची असेल, म्हणजे एकाच वेळी शेकडो पात्रं हलत असतील, तर याचा उपयोग नाही. कॉम्प्युटरवर रिझोल्यूशन हाताने कमी करून बघा. फ्रेम वाढल्या नाहीत तर दोष बहुतेक सीपीयूचाच आहे.