आयजीएफ-१ 'लो' आलं म्हणजे ग्रोथ हॉर्मोन कमी आहे असंच समजायचं का?

"मुलगा ९ वर्षांचा, उंची १२० सेंमी, वर्गात सगळ्यात बुटका. आयजीएफ-१ केली, ७८ आली, रिपोर्टवर रेंज ११५ ते ३०७ आणि पुढे लाल अक्षरात लो. घरचे म्हणतात ग्रोथ हॉर्मोनची इंजेक्शनं लवकर सुरू करा, वय निघून जाईल. मी १५० सेंमी, मिस्टर १६३. खरंच हॉर्मोन कमी आहे का?"

ताई, आधी ती रेंज परत एकदा बघा. ११५ ते ३०७ ही लहान मुलाची रेंज नाहीच, तिशीतल्या माणसाची आहे. मी १७ वर्षं लॅबमध्ये बायोकेमिस्ट म्हणून काम करतोय, आकडा बघितल्या बघितल्या ओळखू आलं. बहुतेक रजिस्ट्रेशनला वय नीट टाकलं नसणार, किंवा सॉफ्टवेअरमध्ये एकच रेंज भरून ठेवलेली असणार आणि तीच सगळ्यांच्या रिपोर्टवर छापली जाते. हसू नका, मी पूर्वी जिथे होतो तिथेपण हे महिनोन्महिने चाललं होतं, एका बालरोगतज्ज्ञांनी फोन करून झापलं तेव्हा कुठे दुरुस्त झालं.

आयजीएफ-१ वयाप्रमाणे प्रचंड बदलते. तान्ह्या बाळात कमी, मग हळूहळू चढते, वयात येताना एकदम उसळी मारून शिखराला जाते आणि विशीनंतर आयुष्यभर उतरत राहते. चालू किटांपैकी एकाची रेंज सांगतो, ९ वर्षांच्या मुलाला साधारण ७४ ते ३८८, आणि १५ वर्षांच्या मुलाला तीच २३७ ते ९९६. म्हणजे तुमच्या मुलाचे ७८ हे त्या किटप्रमाणे नॉर्मलच्या आत आहेत, खालच्या कडेला चिकटून आहेत पण आत आहेत. तुमच्या लॅबचं किट वेगळं असेल तर आकडे थोडे हलतील, म्हणून पहिलं काम एवढंच की लॅबला फोन करा आणि मुलाच्या वयाप्रमाणे रेंज टाकून रिपोर्ट परत काढून मागा. सॅम्पल परत द्यायची गरज नाही.

आता मुळात ही टेस्ट करतात कशाला. ग्रोथ हॉर्मोन सरळ रक्तात का मोजत नाहीत, हा प्रश्न मला काउंटरवर दर आठवड्याला कोणीतरी विचारतंच. कारण ते सतत नसतंच रक्तात. मेंदूच्या बुडाशी पिट्युटरी म्हणून वाटाण्याएवढी ग्रंथी असते, ती हे हॉर्मोन झटक्याझटक्याने सोडते, जास्त करून रात्री गाढ झोपेत, आणि सोडलेलं वीसेक मिनिटांत निम्मं होतं. सकाळी १० वाजता धडधाकट पोराचं रक्त घेतलं तरी ग्रोथ हॉर्मोन जवळजवळ शून्य दिसू शकतं. आपल्याकडे नळाला पहाटे ३ ला पाणी येतं तसं समजा, दुपारी नळ उघडून थेंब नाही म्हणून पाणी येतच नाही असं म्हणता येत नाही, टाकीत किती साठलंय ते बघावं लागतं. आयजीएफ-१ म्हणजे ती टाकी. ग्रोथ हॉर्मोनच्या सांगण्यावरून मुख्यतः लिव्हर हे बनवतं, रक्तात ते दुसऱ्या प्रोटीनला धरून फिरतं त्यामुळे दिवसभर पातळी फारशी हलत नाही, उपाशीपोटी यायची पण सक्ती नाही.

पण टाकी रिकामी दिसली म्हणजे पाणी आलंच नाही असंही नसतं ना, मोटर बंद असू शकते. इथेच लोक फसतात. पोटात पुरेसं जात नसेल किंवा गेलेलं अंगी लागत नसेल तर ग्रोथ हॉर्मोन व्यवस्थित असूनही लिव्हर आयजीएफ-१ बनवणं कमी करतं. थायरॉइड कमी असेल, लिव्हर किंवा किडनीचा जुनाट आजार असेल, शुगर ताब्यात नसेल तरी तेच. नुकतंच मोठं आजारपण होऊन पोरगं आठ-दहा दिवस नीट जेवलं नसेल आणि लगेच रक्त दिलं तरी आकडा खाली येतो. म्हणून मी नेहमी विचारतो, गेल्या महिन्यात ताप, जुलाब काही होतं का, कारण रिपोर्टवर ते कुठेच दिसत नाही.

माझ्या बहिणीच्या मुलाचं सांगतो म्हणजे कळेल. भाचा ११ वर्षांचा होता, उंची १२४ सेंमी, दोन वर्षांत मिळून ७ सेंमीच वाढला होता, म्हणजे वर्षाला साडेतीन. त्याची आयजीएफ-१ आली ५८, आणि रेंज त्याच्या वयाची बरोबर छापलेली होती, खालची हद्द १११. हाताचा एक्स-रे काढून हाडांचं वय बघतात तसं बघितलं तर ते साडेआठ वर्षं निघालं. हे महत्त्वाचं आहे बरं का, कारण मूल उशिरा वाढणारं असेल तर त्याच्या आयजीएफ-१ची तुलना कागदावरच्या वयाशी नाही तर हाडांच्या वयाशी करून बघायची असते, नाहीतर उशिरा वयात येणारी निम्मी पोरं उगाच लो ठरतील. पण साडेआठ धरले तरी खालची हद्द सत्तरीच्या अलीकडे-पलीकडे, म्हणजे ५८ खरोखरच कमी होते.

घरात रडारड. कुणीतरी सांगितलं की आता सरळ इंजेक्शन चालू करा. पण ज्या डॉक्टरीणबाईंकडे आम्ही गेलो त्यांनी आयजीएफ-१ बाजूला ठेवली आणि सीबीसी हातात घेतला. हिमोग्लोबिन ८.९. वर्षभर आयर्नचं सिरप चालू होतं तरी ८.९! मग बहिणीला विचारलं पोट दुखतं का, तर हो, अधूनमधून, शाळेत जायच्या वेळी, आम्हाला वाटायचं बहाणे करतो. त्यांनी टीटीजी आयजीए ही टेस्ट सांगितली, सोबत टोटल आयजीए, कारण काही जणांत आयजीए मुळातच कमी असतं आणि मग टीटीजी खोटी नॉर्मल येते. टीटीजी भरपूर वाढलेली निघाली, पुढे एन्डोस्कोपीने आतड्याचा तुकडा घेऊन नक्की झालं, सिलिअ‍ॅक. गव्हातलं ग्लूटेन त्याला चालत नव्हतं, आतड्याची लव झडली होती, खाल्लेलं अंगी लागत नव्हतं. ग्रोथ हॉर्मोनचा काही संबंधच नव्हता.

चपाती, रवा, मैदा, ब्रेड, बिस्किटं सगळं बंद झालं. ज्वारी-बाजरी-नाचणीची भाकरी आणि भात आपल्या घरात असतोच त्यामुळे बहिणीला वाटलं सोपं आहे, पण तीन महिन्यांनी टीटीजी हवी तशी उतरेना. शेवटी सापडला हिंग! डबीतला बांधणीचा हिंग घट्ट करायला बऱ्याचदा त्यात गव्हाचं पीठ घातलेलं असतं, आणि तो रोज आमटीच्या फोडणीत पडत होता. हिंग बदलला. आठ महिन्यांनी आयजीएफ-१ परत केली, मुद्दाम त्याच लॅबमध्ये, १३६ आली. आणि पहिल्या वर्षात पोरगं ८ सेंमी वाढलं, एकही इंजेक्शन न घेता.

त्याच लॅबमध्ये का म्हटलं तर हे रक्तातलं प्रोटीनला चिकटलेलं आयजीएफ-१ आधी सोडवून घ्यावं लागतं मग मोजता येतं, आणि प्रत्येक कंपनीच्या किटची सोडवायची आणि मोजायची पद्धत वेगळी. एकाच सॅम्पलचा आकडा दोन मशिनवर वेगळा येऊ शकतो. या लॅबचे ७८ आणि त्या लॅबचे ९५ यावरून वाढलं असं म्हणू नका.

भाच्याच्या वेळी घाईघाईत स्टिम्युलेशन टेस्ट केली असती तर अजून घोळ झाला असता. ती टेस्ट म्हणजे उपाशीपोटी क्लोनिडिनसारखं औषध देऊन ग्रोथ हॉर्मोन मुद्दाम बाहेर काढायला लावतात आणि साधारण अर्ध्या-अर्ध्या तासाने दोन तास रक्त घेतात. क्लोनिडिनने बीपी उतरतं, मूल पेंगतं, त्यामुळे ती लक्ष ठेवून करावी लागते. एका टेस्टमध्ये नॉर्मल मूलसुद्धा नापास होतं, म्हणून सहसा वेगवेगळ्या औषधांच्या दोन टेस्टमध्ये आकडा कमी आला तरच कमतरता धरतात. वर्षानुवर्षं १० ही हद्द धरायचे, आता नवीन किटांमुळे बरेच जण ७ धरतात. आणि उपचार न झालेल्या सिलिअ‍ॅकमध्ये ही टेस्टसुद्धा खोटी कमी येऊ शकते, म्हणजे भाच्याला फुकट ग्रोथ हॉर्मोनचा पेशंट केला असता.

आता उलट बाजू पण सांगतो नाहीतर तुम्ही नॉर्मल म्हणून रिपोर्ट फाईलला लावून मोकळ्या व्हाल. आयजीएफ-१ नॉर्मलच्या आत आहे म्हणून कमतरता नाहीच असंही छातीठोक सांगता येत नाही, खालच्या कडेला असताना तर नाहीच. पाच-सहा वर्षांखालच्या मुलांत तर नॉर्मल आणि कमी यांचे आकडे इतके एकमेकांत मिसळलेले असतात की मी आकड्याकडे फार बघतच नाही. आकडा वयाच्या मानाने मधोमध किंवा वर असेल तर कमतरतेची शक्यता खूप कमी होते, इतकंच. (मोठ्यांमध्ये हॉर्मोन जास्त झाल्याचा संशय असतो, अंगठी बसेना, चपलेचा नंबर वाढतोय, तिथे मात्र ही टेस्ट फार कामाची. पण तो विषय वेगळा.)

तुमच्या मुलाचं म्हणाल तर आई-वडिलांच्या उंचीवरून हिशोब करा. १६३ अधिक १५०, त्यात मुलासाठी १३ मिळवा, भागिले २, आले १६३. म्हणजे मोठेपणी १६३च्या आसपास, पाच-आठ सेंमी इकडेतिकडे. घरचा बांधाच लहान आहे, त्या हिशोबात तक्त्याच्या तळाजवळचे १२० अगदीच आश्चर्याचे नाहीत. खरी बातमी आहे तो वर्षाला किती वाढतोय यात, आणि ते तुम्ही लिहिलंच नाहीये. या वयात वर्षाला ५ सेंमीच्या आसपास वाढ हवी, ४च्या खाली असेल तर उशीर न करता मुलांच्या एन्डोक्रिनॉलॉजिस्टकडे जा, आयजीएफ-१ काहीही असू दे. शाळेच्या हेल्थ कार्डवर जुन्या उंच्या सापडतील, पण त्या बूट घालून मोजलेल्या असतात हे लक्षात ठेवा.

घरी मोजायचं तर अनवाणी, टाचा आणि पाठ भिंतीला, डोक्यावर जाड पुस्तक काटकोनात धरून पेन्सिलची रेघ, दोनदा मोजा, आणि दर वेळी सकाळीच, कारण संध्याकाळपर्यंत माणूस सेंटिमीटरभर आखडतो आणि तेवढ्याने सहा महिन्यांचा हिशोब बोंबलतो. तोपर्यंत डॉक्टरांना विचारून सीबीसी, ईएसआर, क्रिएटिनिन, टीएसएच आणि त्याच्या जोडीला फ्री टी-४, टीटीजी आयजीए आणि डाव्या हाताचा एक्स-रे करून घ्या. फ्री टी-४ नक्की घ्या, पिट्युटरीतच बिघाड असेल तर टीएसएच नॉर्मल दिसून चकवतं. आणि दुरुस्त झालेला रिपोर्ट मिळाला की इथेच खाली रेंज टाका, मुलाचं नाव झाकून.