दोऱ्याने दाखवलेली जागा

"रोज दोनदा ब्रश करतो, माऊथवॉशही घेतो, तरी तोंडाला वास येतो असं बायको म्हणते. पोट बिघडलं असेल म्हणून दोन महिने ॲसिडिटीच्या गोळ्या खाल्ल्या, फरक शून्य. दाखवू तरी कुणाला?"

पोटावर संशय बहुतेकांचा जातो. पण अन्ननलिका एरवी मिटलेली असते. ढेकर सोडली तर पोटातला वास वर येत नाही. कायम येणाऱ्या वासाचं मूळ बहुतेक वेळा तोंडातच सापडतं.

आपलं नाक आपल्याच वासाला सरावलेलं असतं, म्हणून या गृहस्थांची तपासणी बायकोनेच केली. सकाळी उठल्याउठल्या नव्हे, कारण रात्री लाळ कमी होते आणि तेव्हा सगळ्यांच्याच तोंडाला वास असतो. जेवणानंतर दोनेक तासांनी त्यांनी आधी तोंड मिटून नाकाने श्वास सोडला, मग नाक चिमटीत धरून तोंडाने. वास फक्त नाकाच्या श्वासाला असता तर सायनस किंवा नाकाचा त्रास समजून कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जायचं होतं. दोन्हीकडे सारखाच असता तर फिजिशियनकडे. (मधुमेही माणसाच्या श्वासाला गोडसर, फळासारखा वास आणि सोबत उलट्या किंवा धाप असेल तर वाट न पाहता इस्पितळ गाठावं.) यांना वास होता तो फक्त तोंडाच्या श्वासाला.

मग जिभेच्या मागच्या भागावरून चमचा उलटा ओढून पाहिला. पिवळट थर आला, वासही तोच. ते जीभ घासत होते, पण पुढची. थर साचतो मागे. शेवटी प्रत्येक फटीत फ्लॉसचा दोरा घालून दर वेळी हुंगला. उजवीकडे खाली, शेवटच्या दोन दाढांमधून निघालेल्या दोऱ्याला कुजका वास होता.

चौदा दिवसांचा क्रम ठरला: ब्रश दोन मिनिटं, रात्री त्याआधी फ्लॉस, आणि जीभ मागून पुढे चार-पाच वेळा, हलक्या हाताने. माऊथवॉश बंद केला. वास तासभर दबतो आणि खरी जागा सापडत नाही. शिवाय अल्कोहोलवाल्या माऊथवॉशने तोंड कोरडं पडू शकतं. फ्लॉस करताना सुरुवातीला रक्त आलं म्हणून त्यांना तो सोडून द्यायचा होता. पण सुजलेली हिरडी साफ होऊ लागली की रक्त आठवड्या-दोन आठवड्यांत थांबतं. तरीही येत राहिलं, तर हिरडीचा आजार धरून चालावं. दात हलत असेल, पू किंवा ठणका असेल तर मात्र हे चौदा दिवसही थांबू नये.

चौदाव्या दिवशी जिभेचा थर गेला होता, रक्त थांबलं होतं, वास बराच उतरला होता. त्या एका फटीतला मात्र तसाच, आणि दोरा तिथे दर वेळी अडकून उसवायचा. दाताच्या डॉक्टरांना त्यांनी "तोंडाला वास येतो" एवढंच न सांगता ही जागा आणि उसवलेला दोरा सांगितला. एक्स-रेत दिसलं, जुन्या फिलिंगची कड फटीत बाहेर आली होती आणि तिच्याखाली अन्न साचत होतं. फिलिंग बदललं. आता तिथून दोरा अखंड निघतो.