हळू, नीट चावून जेवलं की खरंच कमी खाल्लं जातं का? आणि घास ३२ वेळा चावायचा असतो का?

कमी खाल्लं जातं. ३२ चं मात्र सोडून द्या. वरणभात ३२ वेळा चावायला तोंडात उरतो तरी कुठे?

आमच्याकडे सासरे आठ मिनिटांत ताटावरून उठतात आणि माझ्या अर्ध्या ताटाकडे बघून विचारतात, "सूनबाई, अजून रवंथ करतेस?" अकरा वर्षं ऐकतेय. नवराही त्याच वळणावर गेलेला. चार पोळ्या, मग भात, मग पुन्हा भात, आणि वीस मिनिटांनी सोफ्यावर पट्टा सैल करत "आज जरा जास्तच झालं."

ते "जास्तच झालं" उशिरा कळतं, सगळी गोम तिथेच आहे. पोट ताणल्याची खबर नसांवाटे लगेच मेंदूला जाते. पण अन्न आतड्यात उतरल्यावर तिथून सुटणारी, "पोट भरलं" असं मेंदूला सांगणारी जीएलपी-१ आणि पीवायवाय ही संप्रेरकं सावकाश वाढतात. ग्रीसमधल्या संशोधकांनी त्याच माणसांना तेच ३०० मिली आइस्क्रीम एकदा ५ मिनिटांत आणि एकदा ३० मिनिटांत खायला दिलं, तर सावकाश खाल्ल्यावर ही दोन्ही जास्त वाढली. आमचे हे ती वाढायच्या आतच दुसऱ्यांदा भात घेऊन मोकळे!

त्यांना सांगून उपयोग नव्हता. म्हणून मी पोळ्यांचा डबा टेबलावर ठेवणं बंद केलं. एक पोळी संपली की दुसरी लाटायला घ्यायची आणि तव्यावरून थेट ताटात. मधली दोन-तीन मिनिटं आपोआप मिळतात. आधी चार पोळ्या नऊ मिनिटांत संपायच्या (मोबाइलवर लावून बघितलं होतं), आता जेवण बावीस मिनिटं चालतं आणि तिसऱ्या पोळीला नवरा स्वतःच "बास" म्हणतो. भात एकदाच.

दुसरं म्हणजे ताटात काय आहे तेही बघा. ज्वारीची भाकरी आणि मोडाची उसळ घाईने गिळताच येत नाही. पावभाजी मऊ, ती नकळत दुप्पट जाते. घास मोजण्यापेक्षा चावावंच लागेल असं काही वाढा.

आता खरं ते सांगते. हे आमच्या एका घरातलं, त्यातून मी पोळ्या लाटत उभी, म्हणजे मागायला संकोचही वाटत असेल. वजन फारसं हललेलं नाही, कारण रात्री अकराला बाकरवडीचा डबा उघडतोच. आणि टीव्हीसमोर तासभर चरत बसणं म्हणजे हळू जेवणं नव्हे, त्यात उलट जास्तच जातं.

सासऱ्यांनाही आता एकेकच पोळी मिळते. परवा तिसरीला "नको" म्हणाले आणि वर मलाच ऐकवलं, "हल्ली तुझ्या पोळ्या जाड व्हायला लागल्यात."