प्रेशर पंप सारखा चालू-बंद होतोय

प्रश्न: नळ उघडला की पंप दोन-तीन सेकंदांनी चालू-बंद, चालू-बंद होत राहतो. प्लंबर म्हणतो प्रेशर स्विच बदला. बदलू का? (लातूर)

उत्तर:
थांबा, आधी टाकीतली हवा बघा. पंपाला जोडलेल्या त्या छोट्या टाकीत रबरी फुगा असतो. फुग्यात पाणी, बाहेर हवा. नळ उघडला की दाबलेली हवाच पाणी ढकलते, म्हणून पंपाला लगेच चालू व्हावं लागत नाही. हवा गेली की ही उसंत संपते, कारण पाणी दाबलं जात नाही. पंप चालू झाल्याबरोबर दाब चढतो, स्विच वीज तोडतो, आणि नळातून थोडं पाणी गेलं की दाब कोसळतो. स्विच त्याचं काम नीटच करत असतो.

२४ लिटरची टाकी आणि २० पौंडांना चालू, ४० ला बंद होणारा स्विच धरा. हवा बरोबर असेल तर पंप न चालता साधारण आठ लिटर पाणी मिळतं. हवा भरलेलीच नसेल तर चार लिटरही नाही, आणि फुगा फाटून टाकी पाण्याने भरली तर जवळपास काहीच नाही.

तपासायला पंपाची वीज बंद करा आणि गेजचा काटा शून्यावर येईपर्यंत नळ उघडा ठेवा. काटा शून्यावर आल्याशिवाय मोजलेला आकडा खोटा असतो, कारण तो पाण्याचा दाब धरून येतो. टाकीच्या मागच्या टोपणाखाली गाडीच्या ट्यूबसारखा व्हॉल्व्ह आहे. त्याची पिन दाबा. हवा आली तर टायरच्या गेजने मोजा आणि चालू होण्याच्या दाबापेक्षा दोन पौंड कमी, म्हणजे १८ पौंड, हवा गाडीच्या पंपाने भरा. पाणी आलं तर फुगा फाटलाय. हवा भरून उपयोग नाही, फुगाच बदला.

आमच्या मेव्हण्यांकडे असंच झालं. आधी स्विच बदलला, दोन दिवसांत पुन्हा तेच. पिन दाबली तर पाण्याची चिळकांडी उडाली. नवा फुगा बसवल्यावर पंप शांत झाला.

तोवर पंप तसाच चालवू नका. मोटार सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते, त्यामुळे वायंडिंग तापतं आणि स्विचचे पॉइंट जळतात. मग स्विच खरंच बदलावा लागतो! काही जण स्विचचा स्क्रू पिळून बंद होण्याचा दाब वाढवून देतात. त्याने दुखणं झाकलं जातं, आणि पंपाला तेवढा दाब गाठता आला नाही तर तो बंदच होत नाही.

सगळे नळ बंद असतानाही पंप अधूनमधून सुरू होत असेल तर दोष वेगळा. टाकीनंतरचा व्हॉल्व्ह बंद करून गेज बघा. काटा स्थिर राहिला तर घरात कुठेतरी गळती आहे, बहुधा फ्लशच्या टाकीत. काटा उतरत राहिला तर पंपाचा एनआरव्ही, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह, पाणी मागे सोडतोय. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्याने त्यावर क्षार धरतो, तो उघडून घासून काढा.