प्रकल्पाचं वेळापत्रक एका स्लाइडवर: वाचकांचे प्रश्न

दिंडोरीजवळ द्राक्षांचं पॅकहाउस आणि प्रीकूलिंग उभारतोय, जुलै ते जानेवारी. एक्सेलच्या ४२ ओळी स्लाइडवर घातल्या की संचालकांना अक्षरच दिसत नाही. काय ठेवू?

तक्ता साइटवरच्या माणसांसाठी राहू द्या. स्लाइडवर तेवढंच घ्या, ज्याचं उत्तर ‘झालं’ किंवा ‘नाही झालं’ असंच येतं. ‘शेडचं काम’ महिनोन्‌महिने चालू असतं. ‘छत पूर्ण’ हा टप्पा. असं चाळलं की जोतं, छत, यंत्रं साइटवर, यंत्रं बसली, वीजजोडणी, ट्रायल पूर्ण, पहिला माल आत, इतकंच उरेल.

१६:९ ची स्लाइड पॉवरपॉइंटमध्ये ३३.८७ सेंमी रुंद असते. डावीकडे ५ सेंमी जबाबदार माणसांच्या नावांसाठी सोडा. उरलेल्या जागेत सात महिने, महिन्याला ४ सेंमी. म्हणजे आठवडा साधारण १ सेंमीचा होतो आणि खुणा अंदाजाने ठेवाव्या लागत नाहीत. प्रत्येक नावाला एक आडवी पट्टी द्या, टप्प्याच्या जागी चौकट आणि तिच्याखाली तारीख.

कोणतं काम कशावर अवलंबून आहे, ते दाखवायला बाण काढले तर कोळ्याचं जाळं होतं.

एकाच पट्टीतले बाण काढून टाका. तिथला क्रम डावीकडून उजवीकडे दिसतोच. एका माणसाचं काम दुसऱ्याच्या कामासाठी थांबतं, तिथेच बाण हवा.

वरच्याच पॅकहाउसचं बघा. यंत्रं २० नोव्हेंबरला बसणार, वीजजोडणी ५ डिसेंबरला, ट्रायल ६ ला सुरू होऊन २० ला संपणार. ट्रायलला दोन्ही लागतात, म्हणून तिच्याकडे दोन बाण येतात. पण यंत्रांच्या हाती पंधरा दिवस मोकळे आहेत, वीजजोडणीच्या हाती एकही नाही. जोडणीचा बाण लाल करा, दुसरा राखाडी. जोडणी दोन आठवडे लांबली तर ट्रायल जानेवारीत जाते, आणि तेव्हा तोडणीचा हंगाम तोंडावर असतो. संचालकांनी एवढं पाहिलं तरी पुरे. बाणासाठी ‘कनेक्टर’ वापरा आणि त्याची टोकं चौकटीला चिकटवा. चौकट सरकवली की बाणही सरकतो.

वीजजोडणी महावितरण देणार. मग पट्टीवर नाव कोणाचं?

तुमच्या माणसाचं. अर्ज, कोटेशन, पैसे भरणं, तपासणी यांचा पाठपुरावा जो करतो त्याचं. ‘महावितरण’ लिहिलंत तर उशीर झाल्यावर बैठकीत विचारायचं कोणाला? बाहेरच्या संस्थेचं नाव टप्प्याच्या तारखेशेजारी लहान अक्षरात द्या. ‘खरेदी विभाग’ असंही लिहू नका. एका टप्प्याला एकच माणूस.

तारीख पुढे गेली तर जुनी पुसायची का?

नको. जुन्या जागी पोकळ चौकट राहू द्या, नव्या जागी भरीव. दोन्हींमधलं अंतर म्हणजेच उशीर. आजच्या तारखेची उभी रेघ ओढा. तिच्या डावीकडे भरीव चौकट असून ‘झालं’ची टिक नसेल, तर बैठकीची सुरुवात तिथूनच करा.