फोन उचलल्यावरचे पहिले पंधरा सेकंद

"मॅडम, नवीन पार्टीला फोन लावायचा म्हटलं की घसा कोरडा पडतो. समोरून हॅलो आलं की मी सुसाट बोलत सुटतो आणि तो म्हणतो मेल टाका. भेटायची वेळ मागायची असते तिथपर्यंत पोचतच नाही. सुरुवात कशी करू?"

हा प्रश्न माझ्याकडे इतक्या वेळा येतो की आता त्यावर सविस्तर लिहावंच म्हटलं. विम्याची कामं करणारे, सॉफ्टवेअर विकणारे, नुकतीच स्वतःची सीएची प्रॅक्टिस सुरू केलेले, सगळेच विचारतात. पण एका मुलाची गोष्ट सांगते (ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय, त्याची परवानगीही घेतलीय) कारण त्यात हे सगळं एकाच जागी सापडतं.

सव्वीस वर्षांचा मुलगा, मेकॅनिकल डिप्लोमा. कारखान्यांत हवेच्या लाइनी असतात ना, त्यांची गळती शोधून बंद करून द्यायची असं त्याच्या छोट्या फर्मचं काम. फोन करायचे ते भोसरी, चाकणच्या कारखान्यांत मेंटेनन्स हेडना. काम येत होतं त्याला, फोनवर बोलणं येत नव्हतं.

पहिल्यांदा मी त्याला म्हटलं, तू जसं बोलतोस तसंच मला ऐकव, पण समोर बसून नको. मी आतल्या खोलीत जाते, तू मला खरंच फोन लाव. समोरासमोर बसून केलेल्या सरावात भीती येतच नाही, चेहरा दिसत असतो, मान डोलावलेली दिसते. फोनवर फक्त आवाज असतो, त्यामुळे सरावही फोनवरच करायचा.

तर त्याने फोन लावला आणि एका दमात, "हॅलो गुड मॉर्निंग सर, आय एम कॉलिंग फ्रॉम अमुक इंजिनिअरिंग, आमची कंपनी कॉम्प्रेस्ड एअर सोल्युशन्समध्ये आहे सर, आपण लीकेज ऑडिट, एनर्जी सेव्हिंग, पायपिंग सगळं करतो, सर आपण बिझी तर नाही ना, डिस्टर्ब तर नाही केलं?"

मी फोनवरूनच विचारलं, "इतकी घाई कशाची होती?"

"तो फोन ठेवायच्या आत सगळं सांगून व्हायला पाहिजे ना."

"आणि त्याने ठेवलाच तर?"

थोडा वेळ काहीच बोलला नाही. मग म्हणाला, "म्हणजे मी त्याला त्रास दिला. त्याला वैताग आला माझा."

इथे मला धागा मिळाला. मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसचा विवेकनिष्ठ विचार मानणारी, आपल्याकडे कि. मो. फडक्यांनी रुजवला तो, त्रास घटनेपेक्षा आपल्या आतल्या हट्टी मागणीमुळे होतो असं सांगणारा, आणि माझा अनुभव असा की लोक ज्याला नकाराची भीती म्हणतात ती पुष्कळदा नकाराची नसतेच. हा मुलगा प्रत्यक्ष भेटीत नकार आरामात पचवायचा. त्याची आतली मागणी वेगळी होती, की अनोळखी माणसाला माझ्यामुळे क्षणभरसुद्धा वैताग येताच कामा नये. आता तुम्हीच सांगा, प्रेस शॉपमध्ये मशीन बंद पडलंय, चार माणसं भोवती उभी आहेत आणि अनोळखी नंबर वाजतोय, कोणाला क्षणभर वैताग येणार नाही? येणारच, आणि त्याला तो हक्क आहे. ती अशक्य मागणी पुरी करायला मुलगा धावत होता, आणि धावल्यामुळेच समोरच्याला कॉल सेंटरचा फोन वाटत होता.

मी त्याला म्हटलं, "तू त्याचं काम थांबवलंयस हे त्याला माहीत आहे, तुलाही माहीत आहे. मग ते सरळ बोलून टाक की."

"सरळ काय सांगू? की मी विकायला फोन केलाय?"

"हो. अगदी हेच."

त्याला ते पटायला बराच वेळ गेला, दोन-तीन भेटी याच्यावरच गेल्या असं म्हणा. पण हे कबूल केल्यावर लपवायचं काही उरत नाही आणि आवाज शांत होतो. पंधरा सेकंदात शांत गतीने साधारण पंचवीस-तीस शब्द मावतात, घड्याळ लावून बघा. त्याच्या जुन्या सुरुवातीत त्याहून जास्तच शब्द होते, पण त्यातला एकही समोरच्याच्या कारखान्याबद्दल नव्हता. निम्मे स्वतःच्या कंपनीबद्दल आणि शेवटचे माफी मागण्यात गेलेले.

खरी गंमत पुढच्या वेळी झाली. फोनचा विषय बाजूला ठेवून मी सहज विचारलं, "मला एक सांग, गळती आहे हे कळतं कसं? मला इंजिनिअरिंगमधलं काही कळत नाही, साध्या भाषेत सांग."

तो पुढे सरकून बसला आणि सावकाश सांगायला लागला. "सोपं आहे मॅडम. जेवणाच्या सुट्टीत सगळी मशीनं बंद करायची, हवा कोणीच वापरत नाही असं करायचं आणि कॉम्प्रेसरपाशी उभं राहायचं. गळती नसेल तर एकदा प्रेशर भरल्यावर तो जवळजवळ गप्प राहायला पाहिजे. पण तो मधेमधे लोड घेतच राहतो, म्हणजे हवा भरायला परत राबायला लागतो, आवाजावरूनच कळतं. मग स्टॉपवॉच लावायचं, लोडवर किती वेळ, अनलोडवर म्हणजे हवा न भरता किती वेळ. समजा एक मिनिट लोड आणि तीन मिनिटं अनलोड, म्हणजे चारातलं एक मिनिट तो फक्त गळतीसाठी राबतोय. कॉम्प्रेसरच्या ताकदीतली पंचवीस टक्के हवा, म्हणजे साधारण तेवढी वीज फुकट. दहाच्या आत असेल तर ठीक म्हणायचं."

मी त्याला थांबवलं. "आत्ता तुझा आवाज ऐकलास? ना घाई, ना सर सर, ना डिस्टर्ब झालात का. हाच माणूस फोनवर पाहिजे."

माझ्याकडे बघतच राहिला तो. मग म्हणाला, "पण हे तर माझं रोजचं काम आहे. यात विकण्यासारखं काय आहे?"

मला वाटतं या कामातला माझा सगळ्यात आवडता क्षण तोच. लोक फोनसाठी वेगळा माणूस घडवायला जातात, जास्त उत्साही, जास्त गोड, जास्त इंग्रजी. पण त्यांचा खरा आत्मविश्वास कामाच्या एखाद्या बारीक तपशिलात असतो, तो तपशील फोनच्या सुरुवातीला आणला की आवाज आपोआप त्यांचा होतो. मी कुणालाही आवाज कसा ठेवायचा ते शिकवत नाही. तुमच्या कामातली अशी एक खूण शोधा जी समोरच्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली असेल पण तिचा अर्थ लावला नसेल, एवढंच मागते.

मग त्याची सुरुवात आम्ही अशी बसवली.

"नमस्कार साहेब, मी अमुक, भोसरीहून बोलतोय." इथे थांबायचं. दोन सेकंद, तो "हां बोला" किंवा "कोण?" म्हणेपर्यंत. ही शांतता मुलाला सगळ्यात जड गेली, पण याच वेळात समोरचा कामातून बाहेर येऊन ऐकायला लागतो, आणि तो मराठीत बोलतो का हिंदीत तेही कळतं, मग त्याच भाषेत पुढे जायचं.

"आपली ओळख नाही, कामासाठीच फोन केलाय, विक्रीचाच आहे. अर्ध्या मिनिटात कारण सांगतो, पुढे बोलायचं का ते तुम्ही ठरवा. चालेल?"

इथपर्यंत पंधरा सेकंद. बहुतेक माणसं "बोला" म्हणतात, कारण मुदत छोटी आहे आणि निर्णय त्यांच्याकडे ठेवलाय. "डिस्टर्ब तर नाही ना केलं" यात समोरच्याला आपली समजूत काढावी लागते, इथे त्याला फक्त हो किंवा नाही म्हणायचंय. हो म्हटल्यावर लगेच खूण सांगायची, "जेवणाच्या सुट्टीत मशीनं बंद असतानाही तुमचा कॉम्प्रेसर मधेमधे लोड घेतो का?" आणि परत गप्प. कंपनी कधी सुरू झाली, कोण कोण गिऱ्हाईक आहे, यातलं काही नाही, ते विचारलं तरच.

आता भेट मागणं. आधी तो म्हणायचा, "सर एकदा भेटायला येऊ का, प्रेझेंटेशन दाखवतो." समोरच्याला यात दिसतो तासभर आणि चहा. म्हणून भेट कशी होणार ते आधीच दाखवून द्यायचं. किती वेळ, त्यात नक्की काय होणार, त्याला काय करावं लागेल आणि काही निघालं नाही तर तुम्ही कसे बाहेर पडणार. त्याचं वाक्य असं झालं, "बुधवारी साडेबाराला जेवणाच्या सुट्टीत येतो, वीस मिनिटं. स्टॉपवॉच लावून लोड-अनलोड मोजू, तुम्ही फक्त मशीनं बंद आहेत ना तेवढं बघा. दहा टक्क्यांच्या आत निघालं तर तिथेच सांगून निघतो. बुधवार जमेल की शुक्रवार?" (गुरुवार त्याने मुद्दाम टाळला, तिकडच्या बऱ्याच कारखान्यांना तेव्हा सुट्टी असते. असं एक वाक्य बरोबर आलं की समोरच्याला कळतं माणूस इथलाच आहे.)

"मेल टाका" आलं की आधी तो लगेच हो म्हणून सुटायचा. आता म्हणतो, "टाकतो साहेब. फक्त एवढं सांगा, सुट्टीत कॉम्प्रेसर लोड घेतो का? नसेल घेत तर मेलचाही तुम्हाला उपयोग नाही." उत्तर आलं तर बोलणं सुरू झालं. नाही आलं तर खरंच इच्छा नाही, धन्यवाद म्हणून ठेवायचं. दुसऱ्यांदा मनवायला जाऊ नका. कुणी परत फोन करू नका म्हणालं तर यादीतून नंबर त्याच क्षणी काढा. 1909 वर डीएनडी लावलेल्यांच्या खाजगी मोबाइलवर असले फोन करायचेच नाहीत, कारखान्याच्या ऑफिस नंबरवर फोन करून मेंटेनन्सला जोडून मागायचं.

याच्या मर्यादाही सांगते. परचेसवाल्यापुढे ही सुरुवात फुकट जाते, तो कॉम्प्रेसरपाशी कधी उभाच राहिलेला नसतो, त्याला रेट आणि पेमेंट टर्म्स यातच रस. त्याच्याकडून मेंटेनन्स हेडचं नाव तेवढं मागून घ्यावं. आणि गरजेप्रमाणे वेग बदलणारे नवे कॉम्प्रेसर असतात तिथे ही लोड-अनलोडची मोजणी लागू पडत नाही, मुलाने ते मला आपणहून सांगितलं आणि फोनवरही तो ते विचारून घेतो. तुमच्या धंद्यातल्या खुणेलाही अशी हद्द असेल, ती आधी माहीत करून घ्या.

पहिली भेट ठरली त्या दिवशी त्याने मला फोन केला. चाकणचा मेंटेनन्स हेड सुरुवातीला खेकसला होता, "काय विकताय पटकन बोला." आणि हा म्हणे हललाच नाही, "हो, विकायलाच फोन केलाय" म्हणून त्याच गतीने पुढे बोलत राहिला. "त्याला वैताग आला होता मॅडम, मला कळत होतं. पण मी सुसाट सुटलो नाही." शेवटी साहेबाने स्वतःच सांगितलं, शुक्रवारी या, सेफ्टी शूज घालून या, नाहीतर गेटवर अडवतील.

हो मिळाल्यावर बोलत बसू नका, बरेच जण इथे घालवतात. भेट ठरली की आनंदाच्या भरात कंपनीची माहिती सुरू होते आणि समोरचा म्हणतो, थांबा, मी बघून कळवतो. त्यापेक्षा वार, वेळ, कुठलं गेट आणि गेटवर कुणाचं नाव सांगायचं एवढं परत म्हणून घ्यायचं, फोन ठेवायचा, आणि तेच चार तपशील लगेच व्हॉट्सअॅपवर एका मेसेजमध्ये टाकायचे, ब्रोशर न जोडता.